नथ, ठुशी, बोरमाळ : तीन दागिने, तीन जागा

रेडिओवर दागिना दाखवता येत नाही, हे आमच्या गटातल्या काकूंनी मला आधीच बजावलं. म्हणून आज जे सांगते आहे ते हाताला लावून बघता येईल असंच सांगते. जवळ नथ असेल तर नथ घ्या, ठुशी असेल तर ठुशी. काहीच नसेल तर मूठभर वाटाणे, चार सुकी बोरं आणि एक साडी घेऊन बसा. तेवढ्यानं भागतं.

या तिन्ही दागिन्यांबद्दल आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो, "साडीवर शोभेल का?" पण साडीवर बसतो तो तिघांतला एकच. नथ नाकात असते, तिच्या मागे गाल असतो. ठुशी गळ्याला चिकटते, तिच्या मागे आपली कातडी असते. साडीच्या कापडावर खरोखर टेकते ती फक्त बोरमाळ. एवढं लक्षात ठेवलं की काय कशावर घालायचं, आधी काय घालायचं आणि नंतर काय, हे आपलं आपल्याला कळायला लागतं.

नथीपासून सुरू करू. आपल्याकडे रोज नाकात फुली असते नाहीतर खडा असतो. नथ निघते लग्नाला, महालक्ष्म्यांना, मंगळागौरीला. ती बनते सोन्याच्या तारेवर. एक तार गोल वाकवलेली असते, ती नाकाच्या छिद्रातून जाते आणि तिचा आकडा मागे अडकतो. त्या तारेच्या पुढच्या बाजूला बारीक तारांत ओवलेले मोती गुच्छासारखे बसवतात आणि मधोमध एक लाल किंवा हिरवा खडा असतो. मोत्यांची मांडणी कोयरीसारखी वळते, म्हणून नथ समोरून एका बाजूला झुकलेली दिसते. हे झुकणं मुद्दाम असतं. डाव्या नाकपुडीची नथ गालाकडे झुकावी अशीच घडवलेली असते. तीच नथ उजव्या नाकात घातली तर खडा खाली जातो आणि मोती ओठावर येतात. नथ करायला टाकताना "डाव्या नाकाची" हे शब्द सोनाराला स्पष्ट सांगा. चापाची नथ घेतानाही तेच, कारण चापाचीसुद्धा एका बाजूचीच असते.

चांगल्या नथीची परीक्षा अशी. नाकात जाणारी तार दोन बोटांच्या चिमटीत हलकी धरा आणि हात नाकाच्या उंचीवर न्या. मोत्यांचा तोंडवळा समोर राहिला तर वजन नीट वाटलेलं आहे. गुच्छ गिरकी घेऊन खाली लोंबला तर नाकातही तो तसाच लोंबणार आणि तुम्ही लग्नभर एका हातानं नथ सरळ करत बसणार. मोठी नथ असेल तर तिला मोत्यांचा सर किंवा बारीक साखळी लावून ती केसांत अडकवतात. ती नुसती शोभेसाठी नाही. तिच्यामुळे नथीचा भार नाकपुडीवरून केसांवर जातो. ज्यांचं नाकाचं भोक ओघळून लांबट झालं आहे त्यांनी सर लावल्याशिवाय मोठी नथ घालूच नये. भोक वरून खाली चिरत जातं आणि एकदा फाटलं की टाक्यांशिवाय भरून येत नाही.

मोत्याला घाम, हळद, पावडर आणि अत्तर सोसत नाही. मोत्याची चमक वरच्या पातळ थरांत असते आणि आंबट घामानं ते थर मंद होतात. म्हणून हळद लागली, चेहरा पुसला, अत्तर लावून झालं, की मग नथ. खडा बंद कोंदणात बसवलेला असेल, म्हणजे मागून सोन्यानं झाकलेला असेल, तर नथ पाण्यात बुडवू नका. पाणी खड्याच्या मागे शिरलं की खडा काळवंडतो. मऊ कोरड्या सुती कापडानं पुसणं एवढंच पुरे.

नथीचा साडीशी संबंध येतो तो डोक्यावरच्या पदरामुळे. आपला पदर डाव्या खांद्यावरून येतो आणि नथही डाव्या नाकात. डोक्यावरचा पदर पुढे ओढला की त्याची कड नेमकी नथीवरून घासत जाते. कोश्याच्या कापडात ही भीती सगळ्यांत जास्त. कोश्याचा धागा सारखा गुळगुळीत नसतो, मधूनमधून जाड-बारीक असतो, आणि नथीच्या तारेचं टोक त्या जाडसर ठिकाणी पटकन अडकतं. म्हणून पदर डोक्यावर घेऊन, पिन लावून झाल्यावरच नथ घालायची, आणि काढताना सगळ्यात आधी नथ काढायची. नथ घालण्याआधी तारेच्या टोकावरून कापसाचा बोळा फिरवून बघा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी टोक खरबरीत आहे. सोनाराकडून ते घासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ठुशी. वाटाणे बाजूला ठेवा, त्यापेक्षा मोहरी किंवा राळ्याचा दाणा डोळ्यांसमोर आणा. ठुशीचे मणी तेवढे बारीक, गोल, सोन्याचे, आणि एकमेकांना इतके खेटून गुंफलेले असतात की मधला दोरा दिसत नाही. ही एका सरीची माळ नाही. बारीक मणी चहूबाजूंनी विणून गोल दोर केल्यासारखी ती भरीव दिसते. मधे पदक किंवा एखादा लाल खडा असतो. दोन्ही टोकांना दोऱ्याचा गोफ आणि त्यावर सरकणारी गाठ असते. ती गाठ वर-खाली केली की ठुशी घट्ट किंवा सैल होते. म्हणून एकच ठुशी सासूच्या गळ्यालाही बसते आणि सुनेच्याही.

ठुशी किती घट्ट असावी? गळा आणि ठुशी यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत आणि तिसरं जाऊ नये. दोनही गेली नाहीत तर जेवताना घास गिळताना जाचते. तीन गेली तर खाली घसरून गळ्याच्या हाडांवर येते, मग ती ठुशी राहत नाही, सैल पडलेली माळ वाटते. ठुशीच्या मागे कातडी आहे म्हटल्यावर साडीचा रंग तिला फारसा लागत नाही. तिला लागतो तो पोलक्याचा गळा. पोलक्याची कड आणि ठुशी यांच्यामध्ये निदान चार बोटं मोकळी जागा हवी. बंद गळ्याचं पोलकं असेल तर प्रत्येक वाकण्यासरशी पोलक्याची कड ठुशीला वर ढकलते आणि पदक हनुवटीखाली येऊन बसतं. गोल किंवा चौकोनी, मध्यम खोल गळा असला की ठुशी जिथल्या तिथे राहते.

ठुशीचं दुखणं मण्यांत कमी आणि दोऱ्यात जास्त असतं. ठुशी उजेडाकडे धरून हलकी वाकवा. मण्यांमधून दोरा दिसायला लागला किंवा दोन मण्यांमध्ये फट पडली, तर दोरा ढिला झाला आहे. तुटतो तो बहुधा टोकाला, जिथे विण संपून गोफ सुरू होतो, कारण घट्ट करताना सगळा ताण तिथेच येतो. दोरा सुटला की बारीक मणी अंगणभर होतात आणि त्यातले चार-दोन कायमचे जातात. ज्यांची ठुशी सणासुदीला नेमानं निघते त्यांनी फट दिसताच ती पुन्हा गाठवून घ्यावी. गाठवायला देताना मणी मोजत बसणं शक्य नसतं, म्हणून आपल्यासमोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि परत घेताना जुना दोराही मागून घ्या. जुना दोरा घामानं आणि मळानं जड झालेला असतो. तो वेगळा तोलला की हिशोबाला भांडण राहत नाही.

आता बोरमाळ, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या घरात तिच्यावरून दोन बहिणींचं बोलणं बंद होता होता राहिलं.

बोरमाळेचा मणी सुक्या बोरासारखा, जरा लांबट गोल. तो पाहणाऱ्याला भरीव सोन्याचा वाटतो, पण तो पोकळ असतो. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या करून त्या एकमेकींना जोडतात आणि मण्याच्या भोकातून आत लाख भरतात. लाख नसेल तर पातळ पत्रा बोटानं दाबला तरी चेपेल. लाख आतून आधार देते आणि मण्याला हाताला लागणारं वजनही देते. गंमत बघा, ही लाख म्हणजे आपल्या जंगलातल्या पळसाच्या, कुसुमाच्या आणि बोराच्या झाडावर किडे करतात तीच. म्हणजे बोरमाळेच्या बोरात कधीकधी खरंच बोराच्या फांदीवरचं काही असू शकतं.

मणी दोऱ्यात ओवतात, एक सर किंवा दोन सर. माळ छातीपर्यंत येते. गळ्याशी ठुशी, तिच्या खाली मंगळसूत्र आणि त्याच्याही खाली बोरमाळ, असा क्रम असला आणि प्रत्येकीत तीन-चार बोटांचं अंतर राहिलं, की एकीत एक गुंतत नाही. बोरमाळ आणि मंगळसूत्र एकाच लांबीचं असेल तर मात्र काळे मणी बोरांच्या मध्ये शिरतात आणि दोन्ही दोरे एकमेकांवर घासतात. अशा वेळी बोरमाळेचा गोफ दोन बोटं सैल सोडावा.

बोरमाळ कापडावर टेकते, म्हणून साडीचा रंग हिलाच लागतो. आपल्या भंडाऱ्याची करवतकाठी घ्या. मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागात विणली जाणारी. अंग कोश्याचं आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून करवतकाठी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. न रंगवलेल्या कोश्याचा रंग मधासारखा असतो, म्हणजे सोन्याच्या रंगाच्या अगदी जवळचा. अशा कोश्यावर सोन्याची बोरमाळ ठेवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. माळ जवळजवळ नाहीशी होते. दोष माळेचा नाही आणि साडीचाही नाही. पिवळ्यावर पिवळं दिसणार कसं? हीच माळ मेंदी, मोरपंखी किंवा जांभळ्या रंगवलेल्या कोश्यावर ठेवली की एक एक बोर मोजता येतं. साडी न रंगवलेलीच असेल तर पोलकं काठाच्या रंगाचं, गडद घ्या, आणि पदराच्या निऱ्या अरुंद घालून खांद्यावर पिन करा, म्हणजे माळेचा बराचसा भाग गडद पोलक्यावर येतो. पदर छातीभर पसरून घेणार असाल तर न रंगवलेल्या कोश्यावर बोरमाळ काढून ठेवलेली बरी. नुसती ठुशी जास्त शोभते, कारण तिच्या मागे कातडी आहे.

अजून एक. बोरमाळ आधी घालून वर साडी नेसली तर माळेची डावी बाजू पदराखाली जाते आणि उजवी वर राहते. अर्धी माळ दिसते ती यामुळे. साडी नेसून, पदराला पिन लावून, मग माळ पदरावरून घाला. आणि पदराची पिन माळेच्या दोऱ्याखाली येणार नाही हे बघा. पिनेच्या टोकानं दोरा कुरतडला जातो, आपल्याला पत्ता लागत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात माळ सुटते. नऊवारीत पदर कमरेला खोचला असेल तर माळ लोंबती ठेवू नका. वाकताना ती पुढे येते आणि पुन्हा उभं राहताना खोचलेल्या पदरात अडकते. वाढायचं असेल, दिवे लावायचे असतील, तर बोरमाळ नको.

आता ते बहिणींचं सांगते. माझं माहेर मोहाडी तालुक्यातलं. आईनं आपल्या हयातीतच ठरवलं, की दोघी मुलींना दागिने वाटून द्यायचे. तिच्याकडे चार गोष्टी होत्या. हातातल्या भरीव पाटल्यांची जोडी, दोन सरांची बोरमाळ, एक ठुशी आणि नथ. आईचा हिशोब सोपा होता. पाटल्या तराजूवर 24 ग्रॅम भरल्या. बोरमाळेचा दोरा काढून मणी तोलले तर तेही 24 ग्रॅम. ताईला पाटल्या, मला बोरमाळ, झाली वाटणी. ठुशी आणि नथ आईनं स्वतःकडे ठेवायचं ठरवलं. मीही खूश होते. मला पाटल्या आवडतच नव्हत्या.

पण बोरमाळेचं एक बोर चेपलेलं होतं. ते सरळ करायला मी गावातल्या आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, लाख काढल्याशिवाय चेप निघत नाही. तुझ्यासमोर काढतो." त्यांनी आधी ते बोर तोललं. अर्धा ग्रॅम, म्हणजे 0.50. मग हलकी आच दिली. भोकातून लाख वितळून बाहेर आली, तिचा तो ओळखीचा राळेसारखा वास सुटला. आतून साफ करून रिकामं कवच पुन्हा तोललं. 0.30 ग्रॅम. म्हणजे एका बोरात 0.20 ग्रॅम लाख.

काका काहीच बोलले नाहीत. कागदावर लिहून माझ्यासमोर सरकवलं. माळेत 48 बोरं. 48 गुणिले 0.30, म्हणजे 14.4 ग्रॅम सोनं. बाकीचे 9.6 ग्रॅम लाख. पाटल्यांत मात्र 24 च्या 24 ग्रॅम सोनं. आईला वाटलं होतं की दोघींना सारखं दिलं, आणि प्रत्यक्षात फरक जवळजवळ एका तोळ्याचा होता.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ताई तडकली. तिला वाटलं मी पाटल्या मागायला आले आहे. आई तर रडायलाच लागली, की मी कधी दोघींत भेद केला का? मीही काही शहाणपणानं बोलले नाही, हे कबूल करते. दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताईच म्हणाली, सगळंच घेऊन जाऊ आणि सगळंच तोलू.

आम्ही तिघी मिळून गेलो. काकांनी चारही वस्तू तोलल्या. ठुशी दोरा, गोंडा आणि खडा धरून 10 ग्रॅम भरली. दोरा-खड्याचं वजन वजा करून सोनं 9 ग्रॅम धरलं. ठुशीचे मणी इतके बारीक असतात की आमच्या ठुशीत लाख नव्हतीच. बोरमाळेच्या बाबतीत सगळी बोरं काही फोडली नाहीत. काकांनी निरनिराळ्या ठिकाणची आणखी तीन बोरं निवडून तोलली, तीही अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच होती, तेव्हा हिशोब धरला. कसोटीवर घासूनही बघितलं. बोरमाळेचं सोनं पाटल्यांपेक्षा किंचित हलकं निघालं, कारण पोकळ मण्याला जोड असतात आणि जोड देताना लवकर वितळणारं, कमी कसाचं सोनं वापरतात. तो फरक आम्ही सोडून दिला. तेवढ्यासाठी कोण भांडणार?

आता गणित असं. पाटल्या 24. बोरमाळ 14.4 आणि ठुशी 9, मिळून 23.4. फरक राहिला 0.6 ग्रॅमचा. आईनं ठुशी ठेवून घ्यायचा विचार सोडला. ताईला पाटल्या, मला बोरमाळ आणि ठुशी. आईचा जीव हलका झाला. ताई येताना रस्त्यात म्हणाली, "तुला दोन दागिने मिळाले, मला एकच," आणि मग आम्ही दोघी हसलो.

हे मी एवढ्या तपशिलानं सांगितलं, कारण बचत गटात आपल्याला असे हिशोब नेहमी करावे लागतात. कोणी बोरमाळ गहाण ठेवते, कोणी विकून पाटल्या करते, कोणी दोन सुनांत वाटते. बोरमाळ विकायला किंवा मोडायला नेली की सोनार लाखेचं वजन वजा करणारच, आणि त्यात त्याची लबाडी नसते. लबाडी होते ती अंदाजानं वजा करण्यात. "निम्मी लाख धरतो" असं कोणी म्हणालं तर थांबा. आमच्या माळेत लाख दहा भागांत चार भाग होती, तुमच्या माळेत जास्त असेल किंवा कमी. पत्रा किती जाड आहे यावर ते ठरतं. एक बोर समोर तोला, समोर रिकामं करा, समोर पुन्हा तोला. ते बोर परत भरून देता येतं, माळ खराब होत नाही. गहाण ठेवताना बोर फोडायचं नसेल तर निदान पावतीवर दोन वजनं मागा, एकूण वजन आणि सोन्याचं धरलेलं वजन. सोडवताना तीच दोन्ही जुळली पाहिजेत.

बोरमाळ नवीन घेताना उलट बाजूनं हाच प्रश्न येतो. तिथे लाखेला सोन्याचा भाव लागत नाही ना, हे बघायचं. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, कस, आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली हवी. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. हॉलमार्कच्या दागिन्यावर त्याशेजारी सहा अक्षर-आकड्यांची एक खूण असते, प्रत्येक दागिन्याची वेगळी. मोबाईलवर BIS Care हे ॲप घेऊन त्यात ती खूण टाकली की दागिना खरा नोंदलेला आहे का ते दिसतं. आपल्या गटातल्या कोणाही मुलीला हे दोन मिनिटांत जमतं. मात्र 2 ग्रॅमपेक्षा कमी सोन्याच्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही. लहान नथ बऱ्याचदा यात येते, तिच्यात मोतीच जास्त आणि सोनं थोडं. म्हणून नथीवर खूण दिसली नाही तर लगेच संशय घेऊ नका, पण बिलावर सोनं आणि मोती वेगळे लिहून घ्या. मोत्यांचं वजन सोन्याच्या भावात धरलं जाण्याची जागा हीच आहे.

मुलाम्याच्या दागिन्यांबद्दल गटातून विचारणा होती, तेही सांगते. आत पितळ आणि वर सोन्याचा पातळ थर, असे दागिने आजकाल सर्रास मिळतात आणि ते घालण्यात काही कमीपणा नाही. फक्त जागा लक्षात ठेवा. मुलाम्याची ठुशी सगळ्यात लवकर उतरते, कारण ती कातडीला चिकटून घाम पिते. थर निघाला की पितळ हिरवट पडतं, गळ्यावर वळ उठतो आणि तो हिरवा डाग पोलक्याच्या गळ्याला लागतो. मुलाम्याची बोरमाळ कापडावर असते म्हणून जास्त टिकते. पण जुनी झालेली, हिरवी पडायला लागलेली माळ कोश्यावर घालू नका. न रंगवलेल्या कोश्यावरचा तो डाग जाता जात नाही. मुलाम्याची नथ असेल तर नाकातून जाणारी तार तेवढी सोन्याची किंवा चांदीची करून घ्या. ओलं भोक असलेल्या नाकात पितळ गेलं तर पिकतं.

आमच्या चार वस्तूंतली नथ राहिली ना. तिच्यात सोनं दीड ग्रॅम भरलं, बाकी मोती. ती वाटता येणार नव्हती. तिचे मोती अर्धे-अर्धे करून काय करायचं? ती आईकडेच आहे, पितळेच्या डबीत, कापसावर ठेवलेली. घरात लग्न निघालं की ज्या घरचं लग्न त्या घरची बाई ती नेते आणि लग्न झालं की पुसून परत आणून देते. गेल्या उन्हाळ्यात ताईच्या मुलीच्या लग्नात ती ताईच्या नाकात होती. ताईनं न रंगवलेला कोसा नेसला होता, गडद तांबडं पोलकं, हातात पाटल्या. मी माझी ठुशी तिला घातली आणि बोरमाळ मी जांभळ्या कोश्यावर घातली. मांडवात पदर डोक्यावर घ्यायच्या आधी तिनं नथ घालायला काढली, तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी पदर.